वासाने उठणारी अर्धशिशी: नेमका वास कसा शोधायचा आणि समोरच्याला न दुखावता कसं सांगायचं

शेजारच्या टेबलावरून परफ्यूमचा भपका आला आणि अर्ध्या तासात कानशील ठणकायला लागलं, की आपण निकाल देऊन टाकतो: दोष परफ्यूमचा. पुष्कळदा तो बरोबरही असतो. तीव्र वासाने मायग्रेन उठतं हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे, आणि अशा वासांच्या यादीत परफ्यूम सहसा सगळ्यात वर असतो. त्यामागोमाग रंग, थिनर, पेट्रोल, फिनेल, सिगारेटचा धूर. पण सहकाऱ्याला किंवा घरच्या माणसाला काही सांगायला जाण्याआधी एक गाठ सोडवावी लागते. ती न सोडवता गेलं तर आपण चुकीच्या माणसाकडे चुकीची मागणी घेऊन जातो, आणि दुसऱ्यांदा कुणी ऐकून घेत नाही.

गाठ अशी. मायग्रेनचा झटका डोकं दुखायला लागतं तेव्हा सुरू होत नाही. त्याच्या काही तास आधीपासून, कधी कधी एक-दोन दिवस आधीपासून, मेंदूत हालचाल सुरू झालेली असते. वारंवार जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं, चिडचिड होते. याच काळात बऱ्याच जणांना वास सहन होईनासे होतात. एरवी ज्याच्याकडे लक्षही जात नाही तो परफ्यूम त्या दिवशी नाकात टोचतो. म्हणजे कधी वासामुळे झटका येतो, तर कधी झटका आलेला असतो म्हणून वास टोचतो. वरून दोन्ही अगदी सारखं दिसतं.

ओळखायची एक सोपी खूण आहे. त्या दिवशी एकच वास त्रास देतोय, की सगळेच? सकाळी घरातली फोडणी, रिक्षातला धूर, लिफ्टमधल्या माणसाचं तेल, सगळंच नकोसं झालं असेल तर झटका बहुधा आधीच सुरू झालाय आणि ऑफिसातला परफ्यूम फक्त वाटेत आलाय. उलट सकाळ छान गेली, जेवण नेहमीसारखं झालं आणि एका विशिष्ट वासानंतर अर्ध्या-पाऊण तासात दुखणं सुरू झालं, तर तो वास संशयित. असं एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा व्हायला हवं.

वहीत काय लिहायचं

महिनाभर एक छोटी वही ठेवा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण लगेच लिहा, कारण रात्री आठवून लिहिताना मन आपल्या सोयीचं कारण पुढे करतं. डोकं दुखलं त्या दिवशी इतकंच टिपा: दुखणं किती वाजता सुरू झालं, त्याआधीच्या दोन तासांत कुठला ठळक वास आला आणि किती वाजता, सकाळपासून इतर वासही टोचत होते का, रात्रीची झोप, जेवण चुकलं का, पाळीचे दिवस, गोळी घेतली का.

आणि जी नोंद बहुतेक जण करत नाहीत ती खरी कामाची: वास आला आणि डोकं दुखलं नाही, असेही दिवस लिहा. नुसते दुखण्याचे दिवस लिहिले तर रोज आसपास असणारी कुठलीही गोष्ट गुन्हेगार ठरेल.

झोप आणि जेवण लिहायचं कारण असं की मायग्रेनची कारणं एकमेकांत मिसळतात. एकटा वास कदाचित पचला असता, पण अर्धवट झोप आणि रिकामं पोट असताना तोच पुरेसा होतो. श्रावणातला तिसरा सोमवार घ्या. रात्रीच त्र्यंबकला जाऊन ब्रह्मगिरीची फेरी केली, जागरण झालं, उपास होता, पाणी कमी प्यायलं गेलं, आणि घरी येऊन पूजेत धूप लागला. डोकं फुटायला लागलं तर धुपाला शिव्या देणं सोपं आहे, पण त्या दिवसावरून धुपाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. असे दिवस वहीत बाजूला काढून ठेवायचे.

एक उदाहरण, वहीसकट

माझी मावसबहीण अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे. सहा जणांची खोली, एक स्प्लिट एसी, आणि नाशिकच्या थंडीत खिडक्या कायम बंद. मालक रोज साडेनऊला ऑफिसात पूजा करतात, उदबत्त्या लावतात. तिची खात्री होती की त्रास या उदबत्तीचाच, आणि मालकांना सांगायचं कसं या काळजीने ती महिनोन् महिने गप्प बसली होती.

वहीने वेगळंच दाखवलं. उदबत्ती रोज होती, पण डोकं रोज दुखत नव्हतं. दुखायचं तेव्हा बहुधा दुपारी तीनच्या सुमाराला सुरू व्हायचं. उदबत्तीला साडेपाच तास होऊन गेलेले असायचे, त्यामुळे ती संशयितांतून जवळजवळ बाद झाली. मग दुपारी काय होतं? दोनला सफाईच्या मावशी फिनेल टाकून फरशी पुसायच्या, आणि सव्वादोन-अडीचच्या दरम्यान डबा खाऊन आलेले शेजारचे सर टेबलापाशीच डिओ मारायचे, कारण नंतर त्यांना पार्टीकडे जायचं असायचं. दोन संशयित, वेळ जवळजवळ एकच.

निवाडा शनिवारांनी केला. शनिवारी सर बँकेच्या कामाला बाहेर असायचे, फिनेल मात्र नेहमीसारखं असायचं. शनिवारी दुपारी दुखणं नव्हतं. याशिवाय वहीत दोन दिवस असे निघाले की सकाळपासूनच तिला कुठलाही वास सोसत नव्हता. ते तिने मोजलेच नाहीत. पाळीच्या आधीचे दिवसही वेगळे ठेवले, कारण तेव्हा वास नसतानाही दुखायचं.

आता मागणी किती लहान झाली बघा. आधी ती सगळ्या ऑफिसाला ‘सुगंध बंद करा’ म्हणायच्या बेतात होती. आता एका माणसाला एकच गोष्ट सांगायची होती: डिओ खोलीत मारू नका, बाहेर मारा. माझ्या मते सगळं यश या लहान होण्यात आहे. ‘मला वासाचा त्रास होतो’ हे ऐकून समोरचा काय करणार? त्याला कळतच नाही नेमकं काय थांबवायचं. ‘जेवणानंतर टेबलापाशी स्प्रे नको’ हे मात्र कुणालाही जमतं.

वास खोलीत कसा राहतो हे माहीत असलं की मागणी नेमकी होते

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. म्हणून बंद खोलीत मारलेला डिओ तासन् तास घुटमळतो. दर तासाला पाच मिनिटं खिडकी उघडली किंवा एक्झॉस्ट चालू ठेवला तर फरक पडतो, आणि ही विनंती कुणाच्याच अंगावर जात नाही.

मारल्या मारल्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत स्प्रे सर्वांत तीव्र असतो, तेव्हाच अल्कोहोल आणि हलके सुवास उडत असतात. म्हणून घरी लावून आलेला परफ्यूम आणि टेबलावर मारलेला परफ्यूम यांत फार अंतर आहे. मात्र कस्तुरी, ऊद, चंदन असे जड सुवास दिवसभर टिकतात, आणि अंगापेक्षा कपड्यावर जास्त टिकतात. अत्तर तेलातलं असतं, हळूहळू उडतं, त्यामुळे त्याला ‘थोडंसंच लावलंय’ लागू पडत नाही.

रूम फ्रेशनरने परफ्यूम घालवायला जाऊ नका. तो दुसरा वास वर चढवतो. एन-९५ मास्क धुराचे कण अडवतो, सुगंधाची वाफ अडवत नाही. कार्बनचा थर असलेला मास्क थोडीफार कमी करतो. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचंही तेच: साधा फिल्टर उदबत्तीच्या धुराला चांगला, परफ्यूमसाठी त्यात कार्बनचा भाग हवा.

आधी स्वतःचं घर

कुणाला सांगण्याआधी दोन आठवडे स्वतःच्या वस्तू तपासा. कपड्यांचं कंडिशनर, वासाचं तेल, पावडर, गाडीत टांगलेला परफ्यूम, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. ज्यांचं डोकं वासाने दुखतं ते कपाळाला बाम चोळतात तेव्हा मला गंमत वाटते. काहींना त्याने बरं वाटतं, पण काहींना तो कापूर-पुदिन्याचा भडिमारच होतो. खरेदी करताना ‘अनसेन्टेड’ लिहिलेल्या वस्तूवर डोळे झाकून विसंबू नका, त्यात मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स फ्री’ असं लिहिलेलं बघा, आणि मागच्या यादीत परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स हा शब्द नाही ना ते वाचा.

याचा दुसरा फायदा असा की बोलताना ‘मी माझंही बंद केलंय’ म्हणता येतं. समोरचा पटकन नरमतो.

याच दरम्यान डॉक्टरांना दाखवा, शक्यतो मेंदूविकारतज्ज्ञांना. गोळी दुखणं चढायच्या आधी घेतली तर लागू पडते, म्हणून कुठली आणि कधी घ्यायची ते ठरवून घ्या. हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर मायग्रेनच्या काही गोळ्या चालत नाहीत, तेव्हा दुसऱ्याची गोळी मागून घेऊ नका. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान नावाच्या खास मायग्रेनवरच्या गोळ्या किंवा अनेक औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. अचानक वीज पडावी तसं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेलं, तापासह मान ताठ होणारं, बोलणं अडखळवणारं किंवा हातपाय लुळे पाडणारं दुखणं असेल तर वही-बिही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

ऑफिसात सांगताना

परफ्यूम लावणाऱ्याला स्वतःचा वास काही मिनिटांत येईनासा होतो, नाक सरावतं. म्हणून तो मुद्दाम करत नसतो, त्याला खरंच कळत नसतं. हे लक्षात ठेवलं की आपला सूर आपोआप उतरतो.

डोकं दुखत असताना बोलू नका. चेहऱ्यावर त्रास असतो, त्याला तो राग वाटतो. बरं असेल त्या दिवशी, एकांतात, शक्यतो चहाच्या वेळी. पहिल्याच वाक्यात दुखणं आपलं आहे हे सांगा, कारण ‘तुमच्या वासाचा’ असं ऐकलं की माणसाच्या मनात आधी घामाचाच विचार येतो आणि पुढचं त्याला ऐकूच येत नाही. मावसबहिणीने असं सांगितलं:

“सर, एक मिनिट होतं का? मला मायग्रेन आहे, डॉक्टरांकडे चालू आहे. महिनाभर लिहून ठेवलं तर लक्षात आलं की दुपारी खोलीत स्प्रे मारला की अर्ध्या तासात माझं डोकं चढतं. वास वाईट नाही हो, पण मला सोसत नाही. तुम्ही जेवणानंतर तो बाहेर पॅसेजमध्ये मारलात तर चालेल का? दोन आठवडे बघू, फरक नाही पडला तर मीच सांगेन.”

दोन आठवड्यांची मुदत मुद्दाम घातली होती. कायमचं बंद करा म्हटलं की माणूस अडतो, थोडे दिवस बघू म्हटलं की बहुतेक हो म्हणतो. बाईने पुरुष सहकाऱ्याला अशी गोष्ट एकांतात सांगणं अवघड वाटत असेल, किंवा तिचा वेगळा अर्थ निघेल अशी भीती असेल, तर एखाद्या वडीलधाऱ्या मॅडमना सोबत घ्यावं. सरळ ऑफिसच्या चॅटवर दोन ओळीही चालतात: “सर, मला मायग्रेनचा त्रास आहे आणि बंद खोलीतल्या स्प्रेने तो वाढतो. दुपारी स्प्रे पॅसेजमध्ये मारता आला तर फार मदत होईल. आभारी आहे.”

सगळ्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकणं हा पहिला उपाय नव्हे. तिथे प्रत्येकाला वाटतं हे दुसऱ्यासाठी आहे, आणि ज्याच्यासाठी आहे त्याला चारचौघांत टोमणा मारल्यासारखं होतं. वास खरोखरच अनेकांचा असेल तर साहेबांकडे डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा आणि जागा बदलण्यापासून सुरुवात करा. खिडकीजवळची किंवा दाराशी असलेली जागा पुष्कळ काम करते.

बिघडतं कुठे

मावसबहिणीच्या सरांनी लगेच हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्प्रे बंद केला आणि अत्तर लावून आले. “स्प्रे नाही हो मॅडम, हे नैसर्गिक आहे.” हा फार नेहमीचा प्रकार. लोकांना वाटतं त्रास रसायनाचा आहे, नैसर्गिक किंवा ‘हलकं’ काही चालेल. मोगरा नैसर्गिकच आहे, तरी काहींचं डोकं गजऱ्याने चढतं. नाकातल्या ज्या मज्जातंतूच्या टोकांना तीव्र वास डिवचतो, त्यांना वस्तू बागेतली की कारखान्यातली याच्याशी देणंघेणं नसतं. म्हणून विनंती करताना वस्तू बदला असं सुचवू नका, जागा आणि वेळ सांगा. तिने पुन्हा सांगितलं: “सर, कुठलाही वास चालेल, फक्त खोलीत येऊन लावू नका, आणि लावलाच तर घरून निघण्याआधी थोडा.” तेव्हा जमलं. दुपारची डोकेदुखी बरीच कमी झाली, पाळीच्या आसपासची तशीच राहिली. वासाचा बंदोबस्त करून मायग्रेन जात नाही, झटके कमी होतात.

दुसरा प्रकार परीक्षा घेणाऱ्यांचा. “काल मी लावलं होतं, तुला काही झालं नाही. मनाचं आहे तुझ्या.” यावर वाद घालू नका. झोप नीट झालेल्या दिवशी तोच वास पचू शकतो, एवढंच शांतपणे सांगा. मनाचा भाग अजिबात नसतो असंही मी म्हणणार नाही. वास आला की आता दुखणारच अशी धास्ती बसू शकते, आणि प्रत्येक वासापासून पळत राहिलं तर काहींची सहनशक्ती आणखी घटते असं काही तज्ज्ञ मानतात. म्हणून वहीत सिद्ध झालेला वासच टाळा, बाकीचे येऊ द्या.

घरात, जिथे सुगंध म्हणजे श्रद्धा

ऑफिसपेक्षा घर अवघड, कारण तिथे उदबत्ती ही वस्तू नसते. पंचवटीत राहणाऱ्या सासूबाई तिन्हीसांजेला धूप फिरवतात तो घर शुद्ध व्हावं म्हणून. तिथे ‘धूप बंद करा’ म्हणणं म्हणजे देवावर आणि त्यांच्यावर एकदम बोट ठेवणं. त्यामुळे घरात पर्याय हातात घेऊनच बोलायचं.

“आई, तुपाची निरांजन मी रोज लावते, ती देवापाशीच राहू दे. उदबत्ती मात्र आपण तुळशीपाशी लावूया का? आत धूर कोंडला की मला दुसऱ्या दिवशी उठवत नाही. आणि आरतीला कापूर एकच वडी घेऊ.” यात पूजा कमी होत नाही, धूर बाहेर जातो, आणि जादा काम सूनबाईने अंगावर घेतलेलं असतं. बाजारातल्या पुष्कळ उदबत्त्या बिनवासाच्या काड्या सुगंधी द्रवात बुडवून केलेल्या असतात. पण मसाल्याच्या उदबत्तीलाही धूर असतोच, म्हणून ‘चांगल्या कंपनीची आणा’ हा उत्तर म्हणून पुरत नाही.

शक्य असेल तर हे नवऱ्याने आपल्या आईला सांगावं. सुनेच्या तोंडून तक्रार वाटतं ते मुलाच्या तोंडून काळजी वाटतं. न्याय्य नाही, पण चालतं. काका, आत्या असे पाहुणे राहायला येणार असतील तर येण्याआधी फोनवर सांगा, आल्यावर नाही. “काका, या ना, वाट बघतोय. फक्त एक सांगायचं होतं, मला हल्ली परफ्यूमने फार त्रास होतो, तेवढा या वेळी बॅगेतच राहू द्या.” माणूस तयार होऊन, सुगंध लावून दारात उभा राहिल्यावर काहीही सांगितलं तरी त्याचा अपमानच होतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात अत्तर थेट मनगटावर लावतात आणि गुलाबपाणी शिंपडतात, तिथे तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. रांगेत शिरण्याआधीच यजमानीणबाईंच्या कानावर घाला, आणि अत्तरदाणी पुढे आली की हात मागे घेण्यापेक्षा कपाळ पुढे करा: “मला कुंकूच लावा ताई, अत्तराने डोकं दुखतं.” वाण घ्या, तिळगूळ घ्या, बसायला दाराजवळची जागा पकडा. चुकून लागलंच तर नुसत्या पाण्याने अत्तर जात नाही, तेलात असतं ते. आधी बिनवासाच्या तेलाचा थेंब चोळून कागदाने पुसा, मग साबणाने धुवा. साडीच्या पदराला लागलं असेल तर तो वास त्या दिवशी जाणार नाही, घरी गेल्यावर पहिल्यांदा साडी बदलून बाहेर वाळत टाका.